पंधरा तास की नऊ? सईच्या टाइमशीटचं प्रकरण

सई हे तिचं खरं नाव नाही. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि हिशेब सोपा जावा म्हणून काही आकडे गोल केले आहेत. मी पुण्यात एका सरकारी बँकेत बरीच वर्षं शैक्षणिक कर्जाचं काम पाहिलं. निवृत्तीनंतरही ओळखीतली मुलं आणि त्यांचे पालक कागद घेऊन येतात. सईची आई माझी शेजारीण, म्हणून सई मला मावशी म्हणते.

सई धायरीची. इंजिनिअरिंग पुण्यातच झालं, मग ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात दोन वर्षांच्या एमएससाठी गेली. वडील भोसरीच्या एका कारखान्यात सुपरवायझर आणि आई घरी शिकवण्या घेते. राहता फ्लॅट तारण ठेवून ४० लाखांचं कर्ज मंजूर झालं. ते चार सत्रांत प्रत्येकी १० लाख असं सुटणार होतं. विद्यापीठाचं फीचं पत्र आलं की बँक तेवढ्या सत्राचे पैसे डॉलरमध्ये पाठवते.

प्रकरणाचं मूळ या मंजुरीच्या कागदातच आहे. कर्ज रुपयांत मंजूर होतं, फी डॉलरमध्ये भरावी लागते. २०२४ च्या सुरुवातीला हिशेब मांडला तेव्हा डॉलर ८३ रुपयांना होता. १० लाखांचे साधारण १२,०४८ डॉलर होत होते आणि सत्राची फी होती १२,०००. कागदावर ४८ डॉलर उरत होते आणि घरात सगळे खूश होते. पुढच्या दोन वर्षांत रुपया घसरेल आणि दुसऱ्या वर्षी फी वाढेल, या दोन्ही शक्यता त्या हिशेबात कुठेच नव्हत्या. दोन्ही गोष्टी घडल्या. दुसऱ्या वर्षी फी ४ टक्क्यांनी वाढून १२,४८० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये बँकेने ८८ च्या आसपास दर लावला तेव्हा १० लाखांचे जेमतेम ११,३६४ डॉलर झाले. तिसऱ्या सत्रातली ही १,११६ डॉलरची तूट आईने एक मुदत ठेव मोडून भरली. चौथ्या सत्रासाठी मोडायला काही शिल्लक नव्हतं. आणि हे सईला माहीत होतं, कारण आईने तिला सांगितलं होतं. बाबांना मात्र दोघींनी सांगितलं नव्हतं.

दिवाळीनंतरच्या सोमवारी, २७ ऑक्टोबरला, सकाळी साडेसातला तिचा मला व्हिडिओ कॉल आला. तिकडे रविवारचे रात्रीचे दहा वाजले होते. "मावशी, तुम्ही आईला सांगू नका, पण मला एक विचारायचंय," अशी सुरुवात झाली. सरळ काही सांगेना. आधी रुपयाचा दर विचारला, मग कर्ज वाढवून मिळतं का विचारलं, आणि शेवटी म्हणाली, "तास जास्त लिहिले तर काय होतं?"

तिच्याकडे कॅम्पसवर दोन कामं होती. एक मेसमध्ये, आठवड्यातून दोन संध्याकाळी चार-चार तास, तासाला १५ डॉलर. तिथे कार्ड लावून आत जायचं आणि कार्ड लावून बाहेर पडायचं, त्यामुळे तास आपोआप नोंदले जात. दुसरं काम पेपर तपासण्याचं. एका प्राध्यापकांच्या वर्गातल्या ४२ मुलांचा गृहपाठ दर आठवड्याला तपासायचा, तासाला १६ डॉलर. हे काम ती खोलीवर बसून करायची आणि तास स्वतःच दर पंधरवड्याच्या टाइमशीटमध्ये भरायची. प्राध्यापक ऑनलाइन मंजुरी देत. तिच्या नियुक्तीपत्रात लिहिलं होतं, 'आठवड्याला १५ तासांपर्यंत'. प्रत्यक्षात ती नऊ तास लिहायची.

तिच्याच विभागातला एक वरच्या वर्गातला मुलगा, आपल्याकडचाच, तिला म्हणाला होता की सगळेच पंधरा लिहितात. विभागाने तेवढे पैसे बाजूला ठेवलेलेच असतात, ते नाही घेतले तर कोणाच्याच कामी येत नाहीत, आणि सर कधी उघडून बघत नाहीत. हा युक्तिवाद तिच्या मनात पंधरा दिवस घोळत होता. शीट भरायची मुदत सोमवारी त्यांच्याकडच्या दुपारी बाराची होती, म्हणजे आपल्या रात्री साडेनऊची. तिने दोन आठवड्यांचे ३० तास भरून शीट जतन केली होती. सादर केली नव्हती.

मी तिला रागावले नाही. या मुली चोर नसतात. घरचा फ्लॅट तारण ठेवून गेलेली मुलगी तिथे एकटी बसून १,२४४ डॉलरचा खड्डा बघत असते. त्या रात्री तिने ८९ रुपये दर धरला होता, म्हणून तूट १,२४४ होती. मी तिला एवढंच म्हटलं की शीट जशी भरली आहेस तशी मला वाचून दाखव.

ती वाचू लागली. "मंगळवार, दुपारी दोन ते पाच. गुरुवार, दुपारी दोन ते पाच..."

"मंगळवारी दुपारी तुझा वर्ग कधी असतो?"

ती थांबली. मंगळवारी आणि गुरुवारी साडेतीन ते पावणेपाच तिचा स्वतःचा वर्ग होता. घाईत तिने तीन-तीन तासांचे पाच तुकडे करून आठवडा भरला होता आणि त्यातले दोन तुकडे वर्गाच्या वेळेवर पडले होते. फुगवलेले तास सापडतात ते बहुतेक असेच. पगार विभागाला कोणावर पाळत ठेवावी लागत नाही. विद्यार्थ्याचं वेळापत्रक आणि टाइमशीट शेजारी ठेवली की पुरतं. शिवाय गृहपाठाचे गुण ज्या ऑनलाइन प्रणालीत भरले जातात, तिथे प्रत्येक गुण कधी टाकला याची वेळ राहते. एका पेपरला बारा मिनिटं धरली तर ४२ पेपरांना आठ तास चोवीस मिनिटं लागतात, वर गुण भरायला अर्धा-पाऊण तास. म्हणजे तिचे नऊ तास अगदी खरे होते. त्याच ४२ पेपरांना पंधरा तास लागले असं म्हणायचं तर प्रत्येक पेपरला एकवीस मिनिटं होतात, आणि ते प्रणालीतल्या वेळांशी जुळत नाही.

पण सापडण्याची भीती हा माझ्या मते या प्रकरणातला दुय्यम भाग आहे. खरी गोम पुढे होती आणि ती तिच्या लक्षातच आली नव्हती. मी विचारलं, मेसचे तास किती? आठवड्याला आठ. पंधरा आणि आठ किती?

तेवीस. एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं, आणि ही मर्यादा एकेका नोकरीची नाही, सगळ्या कामांची मिळून आहे. सईचा समज होता की दोन्ही कामं वेगवेगळ्या विभागांची आहेत, म्हणून दोन्हीकडे वीसच्या आत राहिलं की झालं. दोन्ही पगार मात्र एकाच विद्यापीठातून, एकाच नावावर निघतात.

म्हणजे सईने कधीच न केलेल्या कामामुळे, निव्वळ कागदावर, तिचा व्हिसा मोडला असता. नंतर कोणी विचारलं असतं तर तिच्यापुढे दोनच उत्तरं होती. हे तास मी खरंच केले, असं म्हटलं तर ते विनापरवाना काम. अशा वेळी विद्यापीठाचं परदेशी विद्यार्थ्यांचं कार्यालय तिची सरकारी नोंद रद्द करतं. नोंद पूर्ववत करण्यासाठी अर्ज असतो खरा, पण विनापरवाना काम केलेलं नसणं हीच त्याची एक अट आहे. हे तास मी केलेच नाहीत, असं म्हटलं तर विद्यापीठाकडून खोटे पैसे घेतल्याची कबुली. त्यात नोकरी जाते, शिस्तभंगाची चौकशी लागते, आणि निलंबन झालं तर शिक्षण थांबून व्हिसाही धोक्यात येतो. पदवीनंतर वर्षभर काम करण्याची जी परवानगी मिळते, जिच्या भरवशावर घरचा हप्ता फेडायचा होता, तीही सगळी याच नोंदीवर उभी असते.

आणि हे सगळं किती पैशांसाठी? आम्ही फोनवरच हिशेब केला. त्या शीटसह सत्राचे चार पंधरवडे उरले होते, म्हणजे आठ आठवडे. दर आठवड्याला सहा खोटे तास, तासाला १६ डॉलर. एकूण ७६८. तूट होती १,२४४ ची. एवढं करूनही खड्डा भरतच नव्हता.

विभागाने पैसे बाजूला ठेवलेच आहेत, या मुद्द्यावर ती थोडी अडली. मला ते समजतं, कारण कर्जाच्या टेबलावर मी हेच उलट बाजूने ऐकलं आहे: मर्यादा मंजूर आहे म्हणजे ती माझीच आहे. तिच्या पत्रातला शब्द होता 'पर्यंत'. एखाद्या आठवड्यात परीक्षेचे पेपर आले तर बारा-तेरा तास लागू शकतात, त्यासाठी ती जागा ठेवलेली असते.

मग मी तिला वेगळा प्रश्न विचारला, आणि या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हाच. पेपर तपासण्याखेरीज सरांसाठी आणखी काय करतेस? तर दर शुक्रवारी त्यांच्याबरोबर अर्ध्या तासाची बैठक असायची, उत्तरसूचीवर बोलायला. शिवाय गुणांबद्दल तक्रार करणाऱ्या मुलांच्या मेलना उत्तरं देणं आणि त्यांचे पेपर पुन्हा बघणं, यात आठवड्याला तासभर सहज जायचा. हे तिने एकदाही लिहिलं नव्हतं. "ते काय तपासणं नाही ना, मावशी." तासाच्या पगारावर असलेल्या माणसाने मालकाच्या सांगण्यावरून जे काम केलं ते सगळं पगारी काम असतं, बैठकही आणि मेलही. म्हणजे जी मुलगी आठवड्याला सहा खोटे तास लिहायला निघाली होती, ती दीड खरा तास दर आठवड्याला सोडून देत होती.

आपल्या मुलींमध्ये मी हे फार पाहते. जे हक्काचं आहे ते मागायला संकोच वाटतो, आणि मग गळ्याशी आलं की जे हक्काचं नाही त्याच्याकडे हात जातो. सईला सरांना जाऊन 'बैठकीचा वेळ लिहू का' एवढं विचारणं, खोटी शीट भरण्यापेक्षा अवघड वाटत होतं. तसं ती स्वतःच म्हणाली.

त्या रात्री तिने जतन केलेली शीट पुसली. पाठवलेल्या मेलच्या वेळा पाहून त्या दोन आठवड्यांचा खरा हिशेब लावला, सरांना छोटा मेल केला आणि त्यांचा होकार आल्यावर सकाळी साडेदहा-साडेदहा तासांची शीट सादर केली. मेसचे आठ धरून साडेअठरा. वीसच्या आत.

त्याआधीच्या सात आठवड्यांचं काय? सर म्हणाले, जुनी शीट दुरुस्त करता येते, तू तास सांग, मी पगार विभागाला कळवतो. सईने ते सोडून दिलं. म्हणाली, तेव्हाचे मेल मी पुसून टाकलेत, आता अंदाजाने लिहावं लागेल, आणि अंदाजाने लिहायची मला आता भीती वाटते. मला तिचं पटलं नाही. मेलचा वेळ सोडला तरी शुक्रवारच्या बैठका सरांच्या कॅलेंडरमध्ये होत्या. साडेतीन तास, ५६ डॉलर, सरळ तिचे होते.

आता तुटीकडे. त्या आठवड्यात ती विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात गेली. तिथल्या सल्लागार बाईंनी तिला एक तरतूद सांगितली जी आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असते. एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालेल्या विद्यार्थ्यावर अनपेक्षित आर्थिक संकट आलं, तर कॅम्पसबाहेर काम करण्याची खास परवानगी मागता येते, आणि त्या संकटांच्या यादीत चलनाच्या दरातला मोठा बदल, फीतली अवाजवी वाढ आणि घरच्या उत्पन्नाला बसलेला फटका हे नावानिशी आहे. कॅम्पसवरचं काम अपुरं पडतं हे दाखवावं लागतं. आधी कार्यालयाची शिफारस, मग सरकारकडे आय-७६५ अर्ज, त्याचं शेकडो डॉलर शुल्क आणि काही महिन्यांची वाट. सत्र चालू असताना तिथेही २० तासांची मर्यादा आहेच. सईचं एकच सत्र उरलं होतं. परवानगी हातात येईपर्यंत तेही संपत आलं असतं, म्हणून दोघींनी तो मार्ग बाजूला ठेवला. पहिलं वर्ष नुकतंच संपलेल्या आणि पुढे दोन-तीन सत्रं उरलेल्या विद्यार्थ्याने मात्र आधी तिथेच जावं असं मी सांगेन.

त्याच भेटीत दोन उपयोगी गोष्टी कळल्या. विद्यापीठ बंद असताना, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या सुट्टीत, पुढच्या सत्राला नाव नोंदवणाऱ्या विद्यार्थ्याला कॅम्पसवर पूर्णवेळ काम करता येतं. वीस तासांची मर्यादा त्या काळात नसते. आणि फी एकरकमी न भरता जानेवारी ते एप्रिल चार हप्त्यांत भरता येते, नोंदणीचे ४० डॉलर देऊन.

इकडे पुण्यात बाबांना सांगणं भाग होतं, कारण कर्ज वाढवायचं तर सहकर्जदार म्हणून त्यांची सही लागते. सईने स्वतः फोन केला. ते रागावले नाहीत, पण आईशी दोन दिवस नीट बोलले नाहीत. ठेव मोडलेली लपवली याचं त्यांना लागलं. मग फाइल घेऊन माझ्याकडे आले. शाखेत गेल्यावर पहिली अडचण निघाली ती मुखत्यारपत्राची. मुख्य कर्जदार सई, आणि जाण्याआधी तिने कोणाच्याही नावे मुखत्यारपत्र केलेलं नव्हतं. आता तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकित करून पाठवायचं, मग वाढीव फीचं पत्र, मग फ्लॅटच्या मूल्यांकनाचा कागद. हे जानेवारीआधी होणार नाही हे मला शाखेतून बाहेर पडतानाच कळलं होतं. विमानात बसण्याआधी अर्ध्या दिवसात होणारा हा कागद नंतर कित्येक आठवडे खातो, आणि दर वर्षी दोन-चार घरांत मी हेच बघते.

डिसेंबरच्या सुरुवातीला डॉलरने नव्वदी ओलांडली. जानेवारीत बँकेने ९१ च्या आसपास दर लावला, १० लाखांचे १०,९८९ डॉलर झाले आणि तूट १,२४४ वरून १,४९१ वर गेली. हप्त्यांचे ४० धरून १,५३१. फक्त बँकेच्या पैशांत पहिले तीन हप्ते पूर्ण भागले आणि चौथ्यातला मोठा भागही. तूट सगळी एप्रिलच्या हप्त्यावर गेली, म्हणजे सईला तीन महिने मिळाले. हप्त्यांची सोय घेतली नसती तर हीच रक्कम जानेवारीत एकदम लागली असती आणि नोंदणी अडली असती.

सुट्टीत तिला ग्रंथालयात साठा-मोजणीचं काम मिळालं, दोन आठवडे, रोज सहा तास, पाच-पाच दिवस. साठ तासांचे ९०० डॉलर. मेस तेव्हा बंद होती. ऑक्टोबरच्या अखेरपासून सत्र संपेपर्यंत बैठक आणि मेलचे जे दीड तास ती लिहू लागली त्यांचे आठ आठवड्यांत १९२ झाले. त्याच सरांनी तिला चौथ्या सत्रातही ठेवलं, तिथे एप्रिलपर्यंतच्या बारा आठवड्यांत तेच दीड तास आणखी २८८ देतील असा हिशेब आहे. एकूण १,३८०. उरले १५१, साधारण १३,७०० रुपये. ते आईने शिकवण्यांच्या पैशांतून पाठवायचं ठरवलं आहे, या वेळी बाबांना सांगून.

बाबांना अजूनही वाटतं की कर्ज वाढवून घ्यावं आणि मुलीने सुट्टीत विश्रांती घ्यायला हवी होती. मुखत्यारपत्र आलं आहे, ते त्यांनी फाइलला लावून ठेवलं आहे. नव्या सत्राच्या नियुक्तीपत्रात सईने सरांकडून एक बदल करून घेतला. '१५ तासांपर्यंत' या जागी आता 'साधारण साडेदहा तास, साप्ताहिक बैठक आणि फेरतपासणी धरून. परीक्षेच्या आठवड्यात १२ पर्यंत' असं लिहिलं आहे. बारा आणि मेसचे आठ मिळून वीसच होतात, हे तिने सरांना पत्र पाठवतानाच कळवलं होतं.